दाखल का केलं?

आईचा क्लेम नाकारल्याचं पत्र आलं, त्यात पैशांबद्दल एक अक्षर नव्हतं. आयुर्वेद आमच्या पॉलिसीत बसत नाही, असंही कंपनीनं म्हटलं नव्हतं. म्हणणं एवढंच होतं की हे उपचार बाह्यरुग्ण विभागात घेता आले असते, रुग्णालयात दाखल होण्याची वैद्यकीय गरज कागदपत्रांवरून दिसत नाही. मी स्वतः काही वर्षं एका टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, क्लेमची कागदपत्रं तपासायचं काम केलं आहे. अशी वाक्यं मी लिहिली आहेत. त्यामुळे पत्र वाचून राग आला तरी ते कुठून आलं असेल, हेही कळत होतं.

आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या विम्याबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक रकमेच्या मर्यादेवर. ती तक्रार बरीच वर्षं खरीच होती. पाच लाखांची पॉलिसी असायची आणि आत बारीक अक्षरांत ‘आयुष उपचार : कमाल पंधरा किंवा वीस हजार रुपये’ असं लिहिलेलं असायचं. त्यातही रुग्णालय सरकारी हवं, नाहीतर सरकारमान्य किंवा रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या मंडळाची मान्यता असलेलं हवं. जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा असं रुग्णालय शोधून सापडायचं नाही. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, ३१ जानेवारी २०२४ ला परिपत्रक काढलं आणि १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीनं वागवायला सांगितलं. ज्या योजनांत अशा मर्यादा होत्या त्या बदलायच्या, आयुष रुग्णालयांना कॅशलेसच्या जाळ्यात घेण्यासाठी कंपनीनं आपलं धोरण संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्यायचं, आणि त्याबरोबर गैरप्रकार रोखायची व्यवस्थाही उभी करायची, असा त्याचा गाभा होता. त्याआधी १ एप्रिल २०२० पासून आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध आणि होमिओपॅथी यांचा आंतररुग्ण खर्च पूर्ण विमा रकमेपर्यंत होताच.

तेव्हा रकमेची भिंत बऱ्याच अंशी पडली आहे. तिच्यामागे दुसरी भिंत होती, ती आता समोर आली आहे. रुग्णाला दाखल का केलं, हा तो प्रश्न. माझं म्हणणं असं की हा प्रश्न विचारणं योग्य आहे, पण आज तो ज्या मापानं विचारला जातो ते माप आयुर्वेदासाठी बनलेलंच नाही. आणि आयुर्वेदाच्या रुग्णालयांनीही स्वतःचं माप लिहून काढायचे कष्ट घेतलेले नाहीत.

आधी अटी काय आहेत ते पाहू. रुग्णालय कोणतं चालेल, याची व्याख्या आता पुष्कळ सैल आहे. सरकारी आयुष रुग्णालय चालतं, मान्यताप्राप्त आयुर्वेद किंवा होमिओपॅथी महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय चालतं. खासगी असेल तर जिथे लागू असेल तिथे स्थानिक प्राधिकरणाकडे नोंदणी हवी, किमान पाच खाटा हव्यात, चोवीस तास नोंदणीकृत आयुष डॉक्टर जबाबदार हवा, गरजेप्रमाणे पंचकर्माचा वेगळा विभाग किंवा शस्त्रक्रियागृह हवं, आणि रुग्णाच्या रोजच्या नोंदी ठेवून त्या विमा कंपनीच्या प्रतिनिधीला पाहता आल्या पाहिजेत. या अटींबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तालुक्याच्या गावातलं नेटकं चाललेलं पंचकर्म रुग्णालय त्या सहज पुऱ्या करतं. फक्त दाखल होण्यापूर्वी नर्सिंग होम नोंदणीचा दाखला मागून पाहावा, त्यावरची मुदत संपली नाही ना ते वाचावं आणि खाटांचा आकडा बघावा. तीन खाटांच्या ठिकाणी कितीही चांगला वैद्य असला तरी क्लेम तिथेच संपतो.

खरी अडचण पुढच्या दोन अटींत आहे. एक, सलग चोवीस तास आंतररुग्ण म्हणून राहणं. दुसरी, उपचार ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ असणं. या दुसऱ्या शब्दाची पॉलिसीत व्याख्या असते. ती सांगते की उपचार त्या आजारासाठी लागणारा हवा, डॉक्टरनं लिहून दिलेला हवा, व्याप्ती, कालावधी आणि तीव्रता यांत गरजेपेक्षा जास्त नसावा, आणि आंतरराष्ट्रीय वैद्यकीय व्यवहारात किंवा भारतातल्या वैद्यक समुदायात सर्वमान्य असलेल्या व्यावसायिक निकषांना धरून असावा. ॲलोपॅथीत हे ठरवायला तपासणाऱ्याच्या हाताशी पुष्कळ असतं. डेंग्यूच्या रुग्णाचे प्लेटलेट किती, ताप किती दिवस, शिरेतून औषध दिलं का, हे पाहून दाखल करणं योग्य होतं की नाही ते दहा मिनिटांत कळतं. सलाइन आणि इंजेक्शन ही तर तपासणाऱ्याची सवयीची खूणच झालेली असते. फाइलमध्ये ती दिसली नाहीत की पेन थांबतं. मीही थांबायचे.

आता आईची गोष्ट सांगते. वय एकसष्ट. कमरेतून डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत जाणारी कळ, आयुर्वेदात जिला गृध्रसी म्हणतात, म्हणजे सायटिका. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यांतली चकती सरकलेली. अस्थिरोगतज्ज्ञानं सांगितलं की शस्त्रक्रिया लगेच नको, आधी सहा आठवडे पाहू. आईला आयुर्वेदावर विश्वास, आणि खरं सांगायचं तर वेदनाशामक गोळ्यांनी तिचं पित्त उसळायचं. एका रुग्णालयात चौदा दिवस दाखल केलं. रोज सर्वांगाला अभ्यंग, पत्रपोट्टलीनं शेक, उडदाच्या पिठाचं पाळं कमरेवर बांधून त्यात कोमट तेल धरायचं ती कटिबस्ती, आणि नंतर आठ दिवसांचा योगबस्तीचा, म्हणजे गुदमार्गे औषध देण्याचा क्रम, त्यात काही दिवस काढ्याचा निरूह आणि काही दिवस तेलाचं अनुवासन. बिल झालं ६८,५०० रुपये. त्यात खोलीभाडं दिवसाला दोन हजारप्रमाणे २८,०००, पंचकर्म २४,०००, औषधं ९,५०० आणि वैद्यांच्या भेटी ७,०००.

नकार आल्यावर मी केसपेपरच्या झेरॉक्स मागवल्या. चौदा दिवसांच्या चौदा नोंदी होत्या आणि त्यातल्या अकरा अक्षरशः सारख्या होत्या. ‘रुग्ण स्थिर. तक्रार कमी. उपचार सुरू.’ दाखल होतानाच्या पानावर निदान होतं ‘गृध्रसी’ आणि पुढे ‘पंचकर्मासाठी दाखल’. बस, एवढंच. दाखल झाली त्या दिवशी आई रिक्षात बसू शकत नव्हती, मागच्या सीटवर आडवी करून आणली होती, संडासला जातानाही धरून न्यावं लागायचं. यातलं एक वाक्य कागदावर नव्हतं. टीपीएत टेबलामागे बसून मी ही फाइल पाहिली असती तर मीसुद्धा तेच लिहिलं असतं, कारण पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात शेकडो माणसं सकाळी दवाखान्यात जाऊन कटिबस्ती आणि बस्ती घेतात आणि दुपारी घरी येतात. तेव्हा ‘हे बाहेरून होऊ शकलं असतं’ हे वाक्य खोटं नव्हतं. ते आईच्या बाबतीत खोटं होतं, आणि ते सिद्ध करायला कागद नव्हता.

वैद्यांकडे गेले. सुदैवानं त्यांनी स्वतःच्या वहीत तपासण्या टिपून ठेवल्या होत्या. उताणं झोपवून सरळ पाय वर उचलला की दाखल झाल्या दिवशी तीस अंशांवर कळ यायची, घरी सोडताना पासष्ट अंशांवर. वेदना दहापैकी आठ होती, ती तीनवर आली होती. पहिल्या तीन दिवसांत आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं. आईला मधुमेह आहे, त्यामुळे निरूह बस्तीच्या दिवशी उपाशीपोटी साखर घसरू नये म्हणून दोनदा तपासली होती, ते आकडेही होते. हे सगळं त्यांनी लेटरहेडवर तारखांसह लिहून दिलं, सोबत वहीच्या त्या पानांच्या प्रती जोडल्या. मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज केला. त्यात एक मुद्दा नियमाचा होता. मे २०२४ च्या मुख्य परिपत्रकानुसार क्लेम पूर्ण किंवा अंशतः नाकारताना पॉलिसीतल्या नेमक्या कोणत्या अटीखाली नाकारला ते सांगावं लागतं, आणि कंपनीच्या दावे पुनर्विलोकन समितीच्या मंजुरीशिवाय नकार देता येत नाही. पहिल्या पत्रात कलमाचा उल्लेखच नव्हता. दुसऱ्या उत्तरात कलम आलं, पण त्याबरोबर ‘नवीन कागदपत्रांच्या आधारे फेरविचार’ हे शब्दही आले. शेवटी घरी नेलेली तेलं आणि चिठ्ठीत नसलेली च्यवनप्राशाची बरणी, मिळून ३,२०० रुपये, वजा करून ६५,३०० मिळाले. तसं झालं नसतं तर विमा लोकपालाकडे जायचं ठरवलं होतं. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, कंपनीनं नाकारल्यापासून वर्षभरात जाता येतं, आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात.

आईला पैसे मिळाले, तरी हे उदाहरण मी न्याय झाल्याचं म्हणून सांगत नाही. तिला ते मिळाले कारण वैद्यांनी खासगी वही ठेवली होती आणि मुलीला कंपनीची भाषा येत होती. हे दोन्ही ज्यांच्याकडे नाही त्यांचा क्लेम त्याच आजारासाठी, त्याच उपचारासाठी बुडतो. बरोबरीचा नियम असूनही बरोबरी नशिबावर राहत असेल तर नियम अर्धाच झाला आहे.

यात कंपन्यांच्या बाजूनंही सांगण्यासारखं आहे आणि ते मी टाळणार नाही. पंचकर्माच्या नावाखाली विश्रांतीची पॅकेजं विकणारी ठिकाणं आहेत. ‘शरीरशुद्धी, सात दिवस, जेवणासह’ अशी जाहिरात, मागे नारळाची झाडं, आणि शेवटी विम्याचं बिल करून देण्याचं आश्वासन. सगळ्या पॉलिसींमध्ये असलेल्या प्रमाणित वगळणुकींत विश्रांतीसाठीचं वास्तव्य आहे, स्पा, निसर्गोपचार केंद्रं आणि तत्सम जागी घेतलेले उपचार आहेत, फक्त तपासण्यांसाठी दाखल होणं आहे. त्या वगळणुकी रास्त आहेत. विम्याचा पैसा सगळ्या हप्तेदारांचा असतो आणि कुणाच्या तरी सुट्टीसाठी तो जाऊ नये. निरोगी माणसानं वसंत ऋतूत वमन करून घेणं शास्त्रात सांगितलं आहे, ते चांगलंही असेल, पण तो आजाराचा उपचार नाही आणि त्याचा खर्च विम्यानं देऊ नये, असं मला वाटतं. माझ्या ओळखीच्या काही वैद्यांना हे आवडणार नाही.

मग आजारी आणि निरोगी यांच्यातली रेघ कुठे ओढायची? इथे आयुर्वेदाच्या प्रक्रियाच नीट पाहायला हव्यात. वमन घ्या. आधी तीन ते सात दिवस चढत्या मात्रेनं तूप प्यायचं, मग शेक, मग उलटीचं औषध, आणि त्यानंतर पेजेपासून हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणणारा संसर्जनक्रम. तूप पिण्याच्या दिवसांत बहुतेक माणूस घरी राहू शकतो. वमनाच्या दिवशी मात्र रक्तदाब, नाडी, शरीरातलं पाणी यांच्यावर सतत नजर हवी, आणि त्या दिवसापुरती खाट लागते याबद्दल कुणाही वैद्याला शंका नसते. म्हणजे एकाच उपचारातले काही दिवस दाखल राहण्याचे आणि काही नाहीत. बस्तीचं उलट आहे. प्रक्रिया सोपी, पण रुग्ण हलू शकत नसेल, पक्षाघाताचा असेल, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर खाट लागते. भगंदरासाठीच्या क्षारसूत्रात, म्हणजे औषध लावलेल्या दोऱ्याच्या उपचारात, पहिला दोरा भूल देऊन घातला तर तो दिवसभराचा उपचार होतो, पुढे आठवड्याला दोरा बदलणं बाहेरून होतं. याचा अर्थ दाखल करण्याची गरज आजाराच्या नावावर ठरत नाही, प्रक्रिया आणि रुग्णाची अवस्था या दोन्हींवर ठरते. ही गोष्ट कागदावर आणणं अवघड नाही. पक्षाघात, गृध्रसी, आमवात, अवबाहुक अशा विम्यात वारंवार येणाऱ्या दहा-पंधरा अवस्था निवडाव्यात, प्रत्येकीसाठी दाखल करण्याचे निकष, अपेक्षित दिवस, रोज काय मोजायचं आणि घरी कधी सोडायचं हे लिहावं. आयुष मंत्रालय, राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग आणि विमा नियामक यांनी मिळून ते जाहीर करावं, आणि क्लेम तपासणाऱ्याच्या टेबलावर ‘आवश्यकता’ ठरवायला तोच कागद असावा. सर्वमान्य निकष हे शब्द व्याख्येत आहेतच, आयुर्वेदाच्या बाबतीत ते निकष एकत्र लिहिलेले हवेत.

काही पाया तयार आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या निदानांना आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलवर प्रमाणित संज्ञा आणि संकेत दिले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात या तीन पद्धतींची निदानं एका वेगळ्या विभागात जोडण्यात आली. केसपेपरवर ‘गृध्रसी’ एवढं न लिहिता तिचा संकेत आणि आधुनिक निदान शेजारी शेजारी लिहिलं तर कंपनीच्या संगणकात ती नोंद ‘इतर’ या डब्यात पडणार नाही. छोटी गोष्ट आहे, पण मी पाहिलेल्या कितीतरी फाइली फक्त या डब्यात पडल्यामुळे दुसऱ्या टेबलावर गेल्या आणि तिथे महिनाभर राहिल्या.

होमिओपॅथीबद्दल मात्र मला वेगळं बोलायचं आहे. नियमात ती आयुर्वेदाच्या शेजारी बसली आहे, व्यवहारात तिची गोष्ट निराळी आहे. होमिओपॅथी ही जवळजवळ पूर्णपणे बाहेरून घेण्याची पद्धत आहे. रुग्ण महिन्यातून एकदा जातो, साबुदाण्यासारख्या गोळ्या घेऊन येतो. रुग्णालयात दाखल करून फक्त होमिओपॅथी दिली तर बिलात औषधाचा वाटा नगण्य असतो, उरतं ते खोलीभाडं आणि भेटी. मग तपासणारा विचारतो की गोळ्या घ्यायला खाट कशाला? या प्रश्नाला मला चांगलं उत्तर सापडत नाही. साध्या पॉलिसींमध्ये बाह्यरुग्ण खर्च बहुधा नसतोच. दाखल होण्यापूर्वीचे तीस आणि नंतरचे साठ दिवस, असा काही काळाचा खर्च मिळतो, तोही दाखल झालेल्या त्याच आजाराशी जोडलेला असेल तर. म्हणून ‘होमिओपॅथीसह’ असं पत्रकावर वाचून पॉलिसी घेणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात जवळपास काहीच मिळत नाही. माझी मागणी कंपन्यांकडे एवढीच आहे की हे पत्रकावर सरळ लिहा : होमिओपॅथीचा दवाखान्यातला खर्च यात नाही.

पुराव्याचा प्रश्नही येतो आणि तो बाजूला सारणं प्रामाणिक नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारासाठी मिळत नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं २०१७ मध्ये डॉक्टरांना ती लिहून देणं थांबवायला सांगितलं. मग सगळ्यांच्या हप्त्यांतून तिचा दाखल होण्याचा खर्च का द्यायचा, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न मला उद्धट वाटत नाही. आयुर्वेदालाही तो विचारला जाईल, आणि विचारला जावा. पण आयुर्वेदातल्या सगळ्या उपचारांची स्थिती सारखी नाही. क्षारसूत्रावर आपल्याकडे नियंत्रित अभ्यास झाले आहेत, इतर अनेक गोष्टींवर फारच थोडे. विमा देताना पद्धतीच्या नावावर सरसकट हो किंवा सरसकट नाही म्हणण्यापेक्षा उपचारागणिक पाहावं. वर सुचवलेल्या निकषांच्या यादीत क्षारसूत्रासारखे उपचार आधी घ्यावेत, बाकीचे पुरावा येईल तसे. बरोबरीचा अर्थ मी असाच लावते. ॲलोपॅथीच्या उपचाराला ज्या कसोटीवर घासतात त्याच कसोटीवर इथेही घासावं, आणि ती कसोटी आधी जाहीर करावी.

रुग्णालयांकडून माझी अपेक्षा याहून साधी आहे. नोंदी हव्यात ही अट नियमात पहिल्यापासून आहे, आणि तीच सगळ्यात जास्त मोडली जाते. वैद्य नाडी पाहतात, जीभ पाहतात, रुग्णाशी अर्धा तास बोलतात आणि लिहितात दोन शब्द. त्या दोन शब्दांवर कुणाचे तरी साठ-सत्तर हजार अवलंबून असतात. आईचे वैद्य आता दाखल करतानाच्या पानावर तीन ओळी वेगळ्या लिहितात : रुग्ण आज काय करू शकत नाही, घरून ये-जा का शक्य नाही, आणि किती दिवसांनी पुन्हा ठरवायचं. सातव्या दिवशी ते खरोखर पुन्हा ठरवतात. परवा त्यांच्याकडे गेले होते. गृध्रसीचाच एक रुग्ण सातव्या दिवशी चालायला लागला म्हणून त्यांनी त्याला घरी सोडलं आणि उरलेल्या बस्ती बाहेरून घ्यायला सांगितल्या. त्याचा क्लेम सात दिवसांचा गेला आणि पूर्ण मंजूर झाला.